ताळेबंदावरून गुणोत्तर विश्लेषण : एका साखर कारखान्याचं उदाहरण, पायरी पायरीने



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका साखर कारखान्याचा ताळेबंद घेऊन बसले होते. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं, त्यामुळे भागाकाराची भीती नव्हती. चालू मालमत्ता भागिले चालू देणी केलं, उत्तर १ च्या थोडं वर आलं आणि मी खाली लिहिलं, "रोखता समाधानकारक." मॅडमनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "मग शेतकऱ्यांचं ऊसबिल कशातून देणार गं?" मला उत्तर देता आलं नाही. गणित बरोबर होतं, पण ताळेबंद मी वाचलाच नव्हता, फक्त त्यातले आकडे उचलले होते.

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण याच ठिकाणी अडकतात. सूत्रं पाठ असतात, पण कोणता आकडा वर घ्यायचा आणि कोणता खाली, हे ठरवता येत नाही. म्हणून आज एकच ताळेबंद घेऊ आणि रोखता, देयक्षमता व नफाक्षमता या तिन्ही बाजूंनी तो शेवटपर्यंत वाचू. कारखाना काल्पनिक आहे आणि आकडे सोपे जावेत म्हणून मी गोल केले आहेत. मांडणी मात्र सहकारी साखर कारखान्यांच्या अहवालात दिसते तशीच ठेवली आहे.

दिलेला ताळेबंद : ३१ मार्च २०२४ (रक्कम कोटी रुपयांत)

| भांडवल व देणी | रक्कम | मालमत्ता व येणी | रक्कम |
|---|---|---|---|
| भागभांडवल | २० | स्थिर मालमत्ता (घसारा वजा जाता) | ९६ |
| राखीव व इतर निधी | २५ | साखर साठा | ११० |
| मुदत कर्ज | ६० | मळी, बगॅस, स्टोअर्स | १० |
| साखर तारण कर्ज | ८५ | विक्रीची येणी | १४ |
| ऊसबिलाची देणी | ४२ | तोडणी-वाहतूक ठेकेदारांना उचल | ९ |
| इतर देणी व तरतुदी | १८ | रोख व बँक शिल्लक | ५ |
| | | संचित तोटा | ६ |
| एकूण | २५० | एकूण | २५० |

ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये एक ओळ आहे : मुदत कर्जापैकी १२ कोटींचे हप्ते येत्या वर्षभरात भरायचे आहेत.

नफा-तोटा पत्रकातून एवढं घेऊ : विक्री २१०, विकलेल्या मालाचा खर्च १७८, प्रशासन व विक्री खर्च ९, घसारा ६, व्याज १४ (मुदत कर्जावर ६, तारण कर्जावर ८), कर १. शेवटी निव्वळ नफा २ कोटी.

पायरी १ : आधी मांडणी दुरुस्त करा

गुणोत्तर काढण्याआधी ताळेबंदाची मांडणी आपल्या कामासाठी बदलून घ्यावी लागते. इथे दोन दुरुस्त्या आहेत. दोन्ही चुकल्या तरी बेरीज २५० च राहते, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

पहिली दुरुस्ती संचित तोट्याची. जुन्या पद्धतीच्या मांडणीत तो मालमत्तेच्या बाजूला लिहिलेला असतो, पण ती मालमत्ता नाही. ते विकून कोणाचंही देणं फिटणार नाही. मागच्या वर्षांत जे भांडवल तोट्यात गेलं त्याची ती नोंद आहे. म्हणून तो भांडवलातून वजा करायचा :

नक्त मूल्य = २० + २५ − ६ = ३९ कोटी.

दुसरी दुरुस्ती मुदत कर्जाची. शीर्षक दीर्घ मुदतीचं असलं तरी त्यातले १२ कोटी वर्षभरात द्यायचे आहेत. चालू देण्यांची व्याख्याच 'बारा महिन्यांत देय' अशी आहे, म्हणून हे १२ कोटी तिकडे न्यावे लागतात. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची ३ प्रमाणे केलेल्या ताळेबंदात हा आकडा चालू देण्यांतच मिळतो. सहकारी संस्थांच्या अहवालात मात्र तो बहुतेक वेळा टिपांमध्ये शोधावा लागतो.

आता गट असे झाले :

चालू मालमत्ता = ११० + १० + १४ + ९ + ५ = १४८
चालू देणी = ८५ + ४२ + १८ + १२ = १५७
एका वर्षानंतरचं मुदत कर्ज = ६० − १२ = ४८
नक्त मूल्य = ३९
स्थिर मालमत्ता = ९६

तपासणी करू. मालमत्ता ९६ + १४८ = २४४. देणी व भांडवल ३९ + ४८ + १५७ = २४४. जुळलं. बेरीज २५० वरून २४४ झाली ती संचित तोट्याच्या ६ कोटींमुळे. ही तपासणी दर वेळी करा. इथे फरक आला तर पुढचं सगळं चुकणार.

पायरी २ : रोखता

चालू गुणोत्तर = १४८ ÷ १५७ = ०.९४.

हप्त्यांचे १२ कोटी हलवले नसते तर १४८ ÷ १४५ = १.०२ आलं असतं. माझी पहिल्या वर्षीची चूक हीच होती. १ च्या वर आणि १ च्या खाली यात अर्थाचा फरक आहे. ०.९४ म्हणजे सगळी चालू मालमत्ता पुस्तकी किमतीला विकली, सगळी येणी वसूल झाली, तरीही वर्षभरातली देणी फिटायला ९ कोटी कमी पडतात.

पुस्तकात '२:१ आदर्श' असं लिहिलेलं असतं. ते परीक्षेपुरतं लक्षात ठेवा, पण प्रबंधात त्यावरून निष्कर्ष काढू नका. १९७५ मध्ये आलेल्या टंडन समितीच्या अहवालातल्या दुसऱ्या पद्धतीने हिशेब केला तर किमान चालू गुणोत्तर १.३३ येतं, आणि आपल्याकडच्या बँका खेळत्या भांडवलाचा विचार करताना बराच काळ याच आकड्याकडे पाहत आल्या आहेत. आपला कारखाना त्याच्याही बराच खाली आहे.

आता शीघ्र गुणोत्तर. यात साठा वगळतात, कारण तो विकायला वेळ लागतो. साखरेच्या बाबतीत हे कारण कागदी नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला प्रत्येक कारखान्याचा विक्री कोटा ठरवून देतं. गोदाम भरलेलं असलं आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी कोट्याबाहेरची साखर त्या महिन्यात विकता येत नाही.

साठा वगळला की उरतात १४ + ९ + ५ = २८. २८ ÷ १५७ = ०.१८.

इथेही थांबू नका. ठेकेदारांना दिलेली ९ कोटींची उचल रोखीने परत येत नाही, ती पुढच्या हंगामात तोडणी-वाहतुकीच्या बिलातून वळती होते. टोळी आलीच नाही तर तीही अडकते. शीघ्र मालमत्तेत ती धरणं मला पटत नाही. ती वगळली तर १९ ÷ १५७ = ०.१२. दोन्हीपैकी कोणतंही घ्या, पण काय वगळलं ते एका ओळीत लिहा आणि सगळ्या वर्षांना व सगळ्या कारखान्यांना तोच नियम लावा. नाहीतर तुलना निरर्थक होते.

आता मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. ११० कोटींची साखर आहे, पण तिच्यावर ८५ कोटींचं तारण कर्ज आहे. म्हणजे साखर विकली की पैसा आधी बँकेच्या खात्यात जाणार. कारखान्याच्या हाताला लागणार फक्त ११० − ८५ = २५ कोटी. त्यात येणी १४ आणि रोख ५ मिळवले की ४४ कोटी होतात. समोर उभे आहेत ऊसबिलाचे ४२, इतर देणी १८ आणि हप्ते १२, एकूण ७२ कोटी. तूट २८ कोटींची. स्टोअर्सचे १० आणि उचलीचे ९ असे सगळे १९ कोटी मोकळे झाले असं मानलं तरी ९ कोटींचा खड्डा राहतोच. वर ०.९४ मधून आपण हाच खड्डा वाचला होता, आता तो कोणाच्या ताटातला आहे ते दिसतं.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. समजा हे ४२ कोटी सगळेच थकीत असतील, तर महिन्याला साधारण साडेबावन्न लाख रुपयांचं व्याज चढतं. या व्याजाची तरतूद केली आहे का, हे टिपांमध्ये पाहा. केली नसेल तर चालू देणी १५७ पेक्षा जास्त आहेत आणि नफा २ कोटींपेक्षा कमी आहे. गुणोत्तर फक्त लिहिलेल्या आकड्यांवर चालतं, न लिहिलेलं त्याला कळत नाही.

आणखी एक मर्यादा. ३१ मार्च ही साखर कारखान्यासाठी खास तारीख आहे. गाळप संपत आलेलं असतं, गोदामं भरलेली असतात, तारण कर्ज आणि ऊसबिल दोन्ही फुगलेले असतात. सप्टेंबरअखेर तोच कारखाना वेगळा दिसेल. म्हणून साखर कारखान्याचं मार्चचं गुणोत्तर वर्षभर एकसारखा चालणाऱ्या कापड गिरणीच्या मार्चच्या गुणोत्तराशी ताडून पाहू नका. दुसऱ्या साखर कारखान्याच्या मार्चशी किंवा त्याच कारखान्याच्या मागच्या मार्चशी ताडा.

पायरी ३ : देयक्षमता

रोखतेचा प्रश्न वर्षभराचा असतो. देयक्षमतेत विचारायचं की एवढं कर्ज पेलण्याइतकं स्वतःचं भांडवल आणि कमाई आहे का. यातही दोन भाग आहेत. एक ताळेबंदातून दिसतो, दुसरा नफा-तोटा पत्रकातून.

डेट-इक्विटी रेशो = मुदत कर्ज ÷ नक्त मूल्य = ६० ÷ ३९ = १.५४.

संचित तोटा वजा केला नसता तर ६० ÷ ४५ = १.३३ आलं असतं आणि कारखाना आहे त्यापेक्षा भक्कम दिसला असता. काही जण इथे ६० ऐवजी ४८ घेतात. परीक्षेत प्रश्नाची भाषा पाहून ठरवा. मी ६० घेते, कारण पुढच्या वर्षीचा हप्ता हेही आज कर्जच आहे.

पण या गुणोत्तरात ८५ कोटींचं तारण कर्ज आणि ऊसबिल येतच नाही. म्हणून बँका आणखी एक आकडा पाहतात, बाहेरची सगळी देणी भागिले नक्त मूल्य :

(६० + ८५ + ४२ + १८) ÷ ३९ = २०५ ÷ ३९ = ५.२६.

सभासदांच्या १ रुपयामागे बाहेरच्यांचे सव्वापाच रुपये कारखान्यात आहेत. आणि त्या बाहेरच्यांत ४२ कोटींचे ऊस उत्पादकही आहेत. त्यातले बरेच जण सभासदही असतात, पण ऊसबिलाच्या बाबतीत ते धनको आहेत, तेही बिनतारणी.

आता कमाईची बाजू. व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचा नफा काढू : २१० − १७८ − ९ − ६ = १७ कोटी.

व्याज संरक्षण गुणोत्तर = १७ ÷ १४ = १.२१.

व्याज भरलं जातं, थोडं उरतंही. इथे "देयक्षमता पुरेशी" असं लिहायचा मोह होतो. पण बँकेला व्याजासोबत मुद्दलही परत द्यायचं असतं आणि ते या गुणोत्तरात कुठेच नाही. त्यासाठी कर्जसेवा गुणोत्तर काढावं लागतं, बँकेत त्याला डीएससीआर म्हणतात. वरच्या बाजूला निव्वळ नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज. खाली मुदत कर्जाचं व्याज आणि वर्षाचा हप्ता. घसारा मिळवतात कारण तो खर्च म्हणून लिहिला जातो, पण त्यासाठी खिशातून पैसे जात नाहीत.

(२ + ६ + ६) ÷ (६ + १२) = १४ ÷ १८ = ०.७८.

१ पेक्षा कमी. म्हणजे वर्षभराच्या कमाईतून मुदत कर्जाचं व्याज आणि हप्ता पूर्ण भरला जात नाही, ४ कोटी कमी पडतात. वर सोयीसाठी या वर्षाची कमाई आणि पुढच्या वर्षाचा हप्ता समोरासमोर ठेवला आहे, कमाई अशीच राहिली तर काय होईल हे पाहण्यासाठी. ते ४ कोटी कुठून येतील? नवं कर्ज काढून, किंवा ऊसबिल आणखी लांबवून. देयक्षमतेचा प्रश्न पुढच्या वर्षी रोखतेचा प्रश्न बनतो तो असा.

पायरी ४ : नफाक्षमता

नफाक्षमता नुसत्या ताळेबंदावरून काढता येत नाही, विक्री आणि नफा हे आकडे लागतातच. परीक्षेत फक्त ताळेबंद दिला असेल तर प्रश्नाखालच्या 'अधिक माहिती'त ते सापडतात.

ढोबळ नफा गुणोत्तर = (२१० − १७८) ÷ २१० = ३२ ÷ २१० = १५.२ टक्के.
निव्वळ नफा गुणोत्तर = २ ÷ २१० = ०.९५ टक्के.
नक्त मूल्यावरचा परतावा = २ ÷ ३९ = ५.१ टक्के.

१५.२ वरून ०.९५ पर्यंत उतरताना पैसा कुठे गेला? ३२ कोटींतून ९ प्रशासन-विक्रीला, ६ घसाऱ्याला, १४ व्याजाला आणि १ कराला. सर्वात मोठा तुकडा व्याजाचा आहे. म्हणजे नफा कमी असण्याचं कारण गाळपात शोधण्याआधी कर्जात शोधायला हवं.

ते तपासायला गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा काढू. इथे एक सापळा आहे. पुस्तकातलं सूत्र नक्त मूल्य अधिक दीर्घ मुदतीचं कर्ज असं घेतं : १७ ÷ (३९ + ६०) = १७.२ टक्के. छान वाटतं. पण १७ कोटी कमावण्यासाठी तारण कर्जाचे ८५ कोटीही वापरले आहेत आणि त्याचं व्याज वजा करण्याआधीच आपण हे १७ कोटी काढले आहेत. वर त्याची कमाई धरायची आणि खाली त्याचं भांडवल सोडायचं, हे चालणार नाही. सगळं कर्ज धरलं तर :

१७ ÷ (३९ + ६० + ८५) = १७ ÷ १८४ = ९.२ टक्के.

आणि कर्जाचा सरासरी खर्च : १४ ÷ १४५ = ९.७ टक्के.

उधार घेतलेला रुपया ९.७ टक्क्यांनी आणला आणि कामाला लावल्यावर त्याने ९.२ टक्के कमावले. मार्चअखेरचं तारण कर्ज वर्षातल्या सरासरीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे हे दोन्ही आकडे थोडे कमी दिसतात, हे खरं. समजा तारण कर्जाची वर्षाची सरासरी ६० कोटी धरली, तर परतावा १७ ÷ १५९ = १०.७ टक्के आणि कर्जखर्च १४ ÷ १२० = ११.७ टक्के. आकडे बदलले, निष्कर्ष तोच राहिला. गृहीतक बदलूनही निष्कर्ष टिकतो का हे पाहायची सवय लावून घ्या, मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पायरी ५ : हा नफा किती पक्का आहे?

शेवटी एक आकडा हलवून पाहू. साठ्याचं मूल्यांकन परिव्यय किंवा अपेक्षित निव्वळ विक्री किंमत, यांपैकी जे कमी असेल त्याने करायचं, असा लेखामानक २ चा नियम आहे. समजा आपल्या कारखान्याने साखर ३,३०० रुपये क्विंटलने धरली आहे. ११० कोटी भागिले ३,३०० म्हणजे सुमारे ३ लाख ३३ हजार क्विंटल साखर.

लेखापरीक्षकाने म्हटलं की ३,२०० धरा, म्हणजे किलोमागे फक्त १ रुपया कमी, तर साठा ३.३३ कोटींनी उतरतो. करपूर्व नफा ३ कोटींचा होता, तो ३३ लाखांचा तोटा होतो. चालू गुणोत्तर १४४.६७ ÷ १५७ = ०.९२ होतं, फारसं हललेलं नाही. नक्त मूल्य कमी होतं आणि त्यावर आधारलेली सगळी गुणोत्तरं बिघडतात.

म्हणून असा ताळेबंद हातात आला की साठ्याचा दर आधी शोधा आणि मागच्या वर्षाच्या दराशी ताडा. दर बदलला असेल आणि नफा जेमतेम असेल, तर निव्वळ नफ्याच्या गुणोत्तरावर मोठा निष्कर्ष उभारू नका.

निष्कर्ष कसा लिहावा

गुणोत्तरांची यादी हा निष्कर्ष नसतो. वरच्या हिशेबावरून मी आज असं लिहीन :

"३१ मार्च २०२४ रोजी कारखान्याची चालू मालमत्ता चालू देण्यांपेक्षा ९ कोटींनी कमी आहे (चालू गुणोत्तर ०.९४). साखर साठ्याचा ७७ टक्के भाग तारण कर्जात गुंतलेला असल्याने ऊसबिल देण्यासाठी उपलब्ध रोकड पुरेशी नाही. व्याज भरण्याइतकी कमाई आहे (१.२१), हप्त्यांसह कर्जफेडीइतकी नाही (०.७८). एकूण भांडवलावरचा परतावा कर्जाच्या खर्चापेक्षा कमी आहे. नोंदवलेला नफा साठ्याच्या मूल्यांकनावर अवलंबून असून किलोमागे १ रुपयाच्या फरकाने तो नाहीसा होतो."

यात 'समाधानकारक', 'आदर्श' असे शब्द नाहीत हे पाहा. प्रत्येक वाक्यामागे एक भागाकार आहे, आणि कोणी विचारलं तर कोणता आकडा कुठून उचलला ते दाखवता येतं.

सरावासाठी एक बदल करून पाहा : ऊसबिलाच्या ४२ कोटींपैकी ३० कोटी नवं पाच वर्षांचं मुदत कर्ज काढून दिले, पहिला हप्ता दोन वर्षांनी. चालू गुणोत्तर १४८ ÷ १२७ = १.१७ होईल, म्हणजे रोखता सुधारलेली दिसेल. मग डेट-इक्विटी रेशो किती होईल, आणि व्याज संरक्षणाचं काय होईल? नव्या कर्जाला १० टक्के व्याज धरा. उत्तर काढलंत की कळेल, खड्डा बुजला की नुसता एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकला.